चर किती रुंद खणायचा? जमिनीखालच्या पाइपवर येणारा मातीचा भार आणि भरावाचा ताठरपणा

नकाशावर चराची रुंदी दीड मीटर लिहिलेली असते आणि साइटवर पोकलेनचा ऑपरेटर सव्वादोन मीटर खणून मोकळा होतो. ठेकेदार म्हणतो, "साहेब, जादा खोदाईचे पैसे मागणार नाही, मग अडचण काय?" मोजमाप पुस्तिकेत दीड मीटरच चढते आणि विषय तिथेच मिटतो. जादा खणलेल्या त्या पाऊण मीटरने पाइपवरचा भार मात्र जवळजवळ दीडपट केलेला असतो. पाइप बसवून, वर रस्ता करून, एक-दोन पावसाळे गेले की माथ्याला आतून लांबच लांब भेग दिसते. मग दोष पाइपच्या कारखान्यावर टाकला जातो. अशी दोन कामं मी उकरून पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी पाइप ठीक होते, चर चुकलेला होता.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. ९०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा एनपी३ वर्गाचा ह्यूम पाइप, म्हणजे सळयांच्या काँक्रीटचा ताठ पाइप, भिंतीची जाडी १०० मिलिमीटर, म्हणजे बाहेरचा व्यास १.१ मीटर. माथ्यावर ४ मीटर माती. भरावाची घनता १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर. नंतर याच चरात लवचिक प्लास्टिकचा पाइप टाकून पाहू, कारण तिथे रुंदीचं गणित जवळजवळ उलटतं.

कणगीतलं धान्य आणि चरातली माती

डोक्यात पहिला हिशेब येतो तो सरळ खांबाचा. पाइपवर ४ मीटर उंचीचा आणि १.१ मीटर रुंदीचा मातीचा खांब उभा आहे, म्हणून भार १८ × ४ × १.१ = ७९ किलोन्यूटन प्रति मीटर, म्हणजे मीटरमागे साधारण ८ टन. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे मापदंड म्हणून लागेल. पण प्रत्यक्ष भार याच्यापेक्षा कमी असेल की जास्त, हे पाइपच्या शेजारची माती ठरवते.

कणगी भरली की सगळं वजन तळावर येत नाही. दाणे बाजूंना घासतात आणि काही वजन भिंती उचलून धरतात. जर्मनीत यानसेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी याचं सूत्र मांडलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतातलं पाणी काढायला पुरलेल्या नळ्या फुटत होत्या. तिथे अॅन्सन मार्स्टन यांनी तीच कल्पना चराला लावली आणि १९१३ मध्ये अँडरसन यांच्यासोबत सूत्र आणि प्रयोग प्रसिद्ध केले. नव्याने भरलेली माती हळूहळू खाली बसते, चराच्या जुन्या, घट्ट भिंती जागच्या जागी राहतात. बसणारी माती भिंतींना घासते आणि भिंती तिच्या वजनाचा काही वाटा वर धरून ठेवतात. उरलेला भार खाली पाइपवर येतो:

```
W  = Cd × γ × Bd²
Cd = (1 − e^(−2Kμ'·H/Bd)) / (2Kμ')
```

इथे `Bd` ही चराची रुंदी, `H` माथ्यावरच्या मातीची उंची आणि `γ` घनता. `Kμ'` मध्ये दोन गोष्टींचा गुणाकार आहे: माती बाजूला किती रेटते आणि भिंतीला किती घासते. दाणेदार, चिकटपणा नसलेल्या मातीला ०.१९२, वाळू-खडीला ०.१६५, साध्या चिकणमातीला ०.१३० आणि पाण्याने भरलेल्या चिकणमातीला ०.११० धरायची पद्धत आहे. आपण ०.१३० घेऊ. एक्सेलमध्ये A1 ला `Kμ'`, B1 ला उंची आणि C1 ला रुंदी लिहिली की `Cd` असा निघतो:

```
=(1-EXP(-2*A1*B1/C1))/(2*A1)
```

सूत्रात पाइपचा व्यास कुठेही नाही, हे पाहिलंत का? चर आणि ताठ पाइप असतील, तर भार चराच्या रुंदीवर ठरतो. पाइप लहान घेतला म्हणून तो कमी होत नाही. पाइपच्या बाजूला भरलेली माती त्याच्यापेक्षा दबणारी असते, म्हणून चरभर पसरलेला भार ती झेलत नाही आणि तो सगळा ताठ पाइपवर येऊन बसतो.

पहिली पायरी: रुंदी कुठे मोजायची

रुंदी मोजायची ती पाइपच्या माथ्याच्या पातळीवर. जमिनीवर चराचं तोंड किती रुंद आहे याला इथे महत्त्व नाही. निम्मी कामं या एका चुकीच्या समजुतीमुळे बिघडतात. माती ढासळू नये म्हणून वरच्या भागात उतार द्यावाच लागतो आणि तो द्यावा, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण उतार थेट तळापर्यंत नेऊ नये. माथ्याच्या थोडं वरपर्यंत उताराने खणून, त्याच्या खाली उभ्या बाजूंचा अरुंद चर काढावा. वर रुंद, खाली अरुंद अशा या चराला हिशेबात खालचीच रुंदी लागते. माती ढिली असेल तर हा अरुंद भाग शोरिंगच्या आधाराशिवाय उभा राहणार नाही, तेव्हा आधाराची फळी ते फळी आतलं अंतर नव्हे, बाहेरचं अंतर, म्हणजे मातीपासून मातीपर्यंतचं अंतर मोजा. फळ्या काढल्यावर उरणारी पोकळी पाइपच्या वाट्याला येते.

आता वेगवेगळ्या रुंदीला आपल्या पाइपवर किती भार येतो ते पाहू.

| माथ्याशी रुंदी (मीटर) | Cd | भार (किलोन्यूटन प्रति मीटर) |
|---|---|---|
| १.५ | १.९२ | ७८ |
| १.७ | १.७६ | ९२ |
| २.० | १.५६ | ११२ |
| २.५ | १.३१ | १४७ (सूत्राप्रमाणे) |

दीड मीटरला भार मातीच्या खांबाइतकाच आहे. वीस सेंटिमीटर वाढले की १४ किलोन्यूटन वाढतात. दोन मीटरला खांबाच्या दीडपटीच्या जवळ पोहोचतो. शेवटच्या ओळीतला १४७ हा आकडा मात्र खरा नाही, कारण रुंदी वाढत गेली की एका टप्प्यानंतर चर हा चर राहतच नाही.

दुसरी पायरी: चर कुठे संपतो

उघड्या जमिनीवर पाइप ठेवून भोवती भराव टाकला, तर घर्षण उलट दिशेने काम करतं. पाइपच्या दोन्ही बाजूंचे मातीचे खांब उंच असतात, त्यांत दबणारी माती जास्त असते. मधला खांब ताठ पाइपवर टेकलेला असतो, म्हणून तो कमी बसतो. बाजूची माती खाली जाताना मधल्या मातीला सोबत ओढते आणि भिंतींनी वजन उचलण्याऐवजी शेजारची माती आपलं वजन पाइपवर टाकते. पुरेशा रुंद चरात हेच घडतं.

या स्थितीचंही मार्स्टन यांचं सूत्र आहे. त्यात पाइप जमिनीपासून किती वर आहे आणि बाजूची माती किती जास्त बसेल, या दोहोंचा गुणाकार लागतो. साध्या मातीसाठी तो ०.५ धरला, तर नेहमीच्या उंचीला हे पुरतं:

```
Cc = 1.50 × (H/Bc) − 0.07
W  = Cc × γ × Bc²
```

`Bc` म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास. आपल्याकडे `H/Bc` ३.६४ येतं, म्हणून `Cc` ५.३८ आणि भार ११७ किलोन्यूटन प्रति मीटर, मीटरमागे बारा टन. मातीच्या खांबाच्या जवळजवळ दीडपट. चराच्या सूत्राने हाच ११७ चा आकडा २.०७ मीटर रुंदीला येतो. या रुंदीला संक्रमण रुंदी म्हणतात. तिच्यापुढे कितीही खणा, भार ११७ च राहतो. आणि तिच्यापलीकडे गेलात की चराचा फायदा पूर्ण हातातून गेलेला असतो. दोन्ही सूत्रांनी हिशेब करा आणि त्यातला लहान आकडा घ्या, एवढाच नियम आहे.

दीड मीटर रुंदीच्या चरात हाच पाइप ८ मीटर मातीखाली ठेवला, तरी सूत्राने भार ११७ च येतो. म्हणजे पोकलेनवाल्याने सव्वादोन मीटर खणून तुमचा पाइप हिशेबाने दुप्पट खोल पुरला.

तळाशी काळा बेसाल्ट लागला तर आणखी वाईट. खडकावर टेकलेला पाइप अजिबात बसत नाही, बाजूची माती मात्र बसते. वरचा ०.५ चा गुणाकार १.० धरला की रुंद चरातला भार १३१ वर जातो. दख्खनच्या पठारावर हे रोजचं आहे. ब्रेकरने फोडलेला चर कुठे पावणेदोन मीटर तर कुठे अडीच मीटर होतो, वरून तळाशी कठीण उंचवटे राहतात. म्हणून खडकात तळ किमान १५०-२०० मिलिमीटर जादा खणून त्यात कच किंवा बारीक खडीची गादी करावी. गादीचा खर्च वाचवणाऱ्याशी मी कधीही तडजोड करत नाही.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याची. १.७ मीटरच्या चरात कोरड्या दिवसांतला ९२ चा हिशेब माती पूर्ण भिजली की पालटतो. घर्षण घटतं, `Kμ'` ०.११० होतो, घनता २० पर्यंत जाते आणि भार १०६ होतो. चिकणमातीच्या भागात हिशेब ओल्या मातीचाच करावा.

तिसरी पायरी: पाइप किती पेलतो

कारखान्यात पाइप दोन लाकडी पट्ट्यांवर आडवा ठेवून वरून एका पट्टीने दाबतात. ही तीन कडांची चाचणी. आयएस ४५८ प्रमाणे ९०० मिलिमीटरच्या एनपी३ पाइपला ४३.११ किलोन्यूटन प्रति मीटरपर्यंत ०.२५ मिलिमीटरची भेग पडता कामा नये आणि ६४.६७ पर्यंत तो फुटता कामा नये. जमिनीत ७८ ते ११७ भार येणार आणि पाइपची क्षमता ४३? ही तफावत पाहून नवखा इंजिनियर घाबरतो. पण चाचणीत सगळा भार रेषेवर येतो. जमिनीत खालून आधार पसरलेला असतो, बाजूंनी माती रेटते. म्हणून बैठकीचा गुणक वापरतात: चरातला भार त्याने भागायचा आणि येणारा आकडा ४३.११ शी ताडून पाहायचा.

नुसत्या सपाट तळावर टेकवलेल्या पाइपला हा गुणक १.१. बगल म्हणजे पाइपच्या पोटाखालची दोन्ही बाजूंची जागा, तिथपर्यंत नीट ठासलेल्या दाणेदार बैठकीला १.९. पाइपच्या खाली आणि बाजूंना साध्या काँक्रीटचा पाळणा केला, तर वरचा भराव हलका ठासला असेल तेव्हा २.२ आणि काळजीपूर्वक ठासला असेल तेव्हा २.८.

आता चार शक्यता पाहू. सव्वादोन मीटर चर, सपाट तळ: ११७ भागिले १.१, म्हणजे १०६. फुटण्याच्या ६४.६७ च्याही कितीतरी पुढे. मी उकरलेल्या कामांत हीच जोडी होती.

१.७ मीटर चर आणि दाणेदार बैठक: ९२ भागिले १.९, म्हणजे ४८. भेग पडणार.

१.५ मीटर चर आणि तीच बैठक: ७८ भागिले १.९, म्हणजे ४१. कागदावर पास. पण पाइपच्या दोन्ही बाजूंना फक्त २० सेंटिमीटर उरतात. तिथे धुम्मस फिरत नाही, मग बगलेत माती ठासणार कोण? १.९ चा गुणक ठासलेल्या बगलेसाठीच आहे, ढिल्या बगलेसाठी नाही. अरुंद चर भार कमी करतो आणि त्याच वेळी बैठक बिघडवतो. कागदावरचा सर्वांत स्वस्त पर्याय जागेवर असा खोटा ठरतो.

म्हणून या पाइपला मी १.७ मीटर चर आणि काँक्रीटचा पाळणा निवडीन. बाजूंना ३० सेंटिमीटर मिळतात, माणूस उभा राहू शकतो. भराव नीट ठासला तर ९२ भागिले २.८, म्हणजे ३३, आणि रहदारीसाठी १० किलोन्यूटन हातात राहतात. भराव हयगयीने केला तर गुणक २.२ वर येतो, मागणी ४२ होते आणि हातात एकच उरतो. त्याच पाळण्यात, त्याच पाइपमध्ये, फक्त ठासण्याच्या फरकाने एवढं होतं. पाळणा नको असेल, तर जास्त ताकदीचा एनपी४ पाइप आणि दाणेदार बैठक हा दुसरा रस्ता, दर पाहून ठरवा.

चाकाच्या भाराचं इथे एवढंच: ४ मीटर खाली ६२.५ किलोन्यूटनच्या एका चाकाचा दाब चौरस मीटरला दोन किलोन्यूटनपेक्षा कमी राहतो. एक मीटर खाली मात्र तो तीसच्या आसपास जातो, वरच्या मातीच्या दाबापेक्षाही जास्त. उथळ पाइपचं डिझाइन रहदारी ठरवते, खोल पाइपचं माती. आणि भराव अर्धा झालेला असताना त्यावरून रोलर किंवा डंपर नेणं, हा पाइपच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा दिवस असतो.

चौथी पायरी: बैठक आणि भराव प्रत्यक्ष कसा करायचा

तळाची लेव्हल घेतल्यावर कच किंवा १० मिलिमीटरच्या आतली खडी पसरा. बाहेरच्या कडांना ती ठासा, पण पाइपच्या नेमकं खालचा मधला तिसरा हिस्सा न ठासता सोडा. पाइप त्या मऊ पट्ट्यात थोडा रुतून बसतो आणि भार रेषेऐवजी रुंद पट्ट्यावर पसरतो. तळ दगडासारखा ठासून त्यावर पाइप ठेवणं चूक, कारण तशाने कारखान्यातल्या लाकडी पट्टीचीच स्थिती चरात तयार होते. सॉकेट असलेल्या पाइपला सांध्याखाली खळगा करा, नाहीतर सगळा पाइप सॉकेटवर लटकतो आणि आडवी गोल भेग पडते.

मग बगल. पाइपच्या पोटाखालची ती पाचरीसारखी जागा वरून माती ओतून भरत नाही, माती पुलासारखी अडकते. पहारीने किंवा तिरप्या लाकडी धुम्मसाने खाली कोचून भरावी लागते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, १५० मिलिमीटरच्या थरांत. त्यानंतर पाइपच्या मध्यापर्यंत आणि पुढे माथ्यापर्यंत बाजू प्लेट व्हायब्रेटरने ठासा. बाजूची माती जितकी ताठ, तितकी ती कमी बसते, तितकं पाइपवर ओढलं जाणारं ओझं कमी होतं आणि बाजूने मिळणारा रेटा वाढतो. एकाच कामाचे दोन्ही फायदे होतात.

माथ्यावर मात्र नियम बदलतो. पाइपच्या बरोबर वरचे ३०० मिलिमीटर हलक्या हाताने भरा. बाजू ताठ आणि मध्य जरा मऊ राहिला की भार बाजूंकडे वळतो. खोदाईतले गोटे या थरात टाकू नका, एक गोटासुद्धा माथ्यावर पट्टीचं काम करतो. शोरिंगच्या फळ्या माती ठासत ठासत थराथराने वर खेचा. सगळा भराव झाल्यावर उपटल्या, तर ठासलेली बगल परत ढिली पडते आणि भिंतीचं घर्षणही जातं.

लवचिक पाइप: गणित उलटतं

आता त्याच चरात एसएन८ वर्गाचा, म्हणजे ८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर ताठरपणाचा, दुपदरी नालीदार एचडीपीई पाइप ठेवू, जो बाजारात डीडब्ल्यूसी म्हणून मिळतो. वरून दाब आला की हा पाइप थोडा चपटा होतो. माथा खाली जातो, त्याच्यावरचा मातीचा खांब शेजारच्यापेक्षा जास्त बसतो आणि आता शेजारची माती त्याला उचलून धरते. भार ताठ वस्तूकडे जातो, आणि इथे पाइपपेक्षा माती ताठ आहे. म्हणून लवचिक पाइपला सुरक्षित बाजूने मातीच्या खांबाचाच दाब धरतात: १८ × ४ = ७२ किलोपास्कल. चर रुंद केला म्हणून तो ११७ च्या वाटेने जात नाही.

इथे प्रश्न फुटण्याचा नाही, पाइप किती चपटा होईल याचा आहे. मार्स्टन यांच्यासोबत आयोवात काम केलेल्या मर्लिन स्पँगलर यांनी १९४१ मध्ये यासाठी सूत्र दिलं, ते १९५८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासोबत दुरुस्त झालं. पाइपच्या वर्गाच्या भाषेत ते असं लिहिता येतं:

```
Δ/D = (DL × K × q) / (8·SN + 0.061·E')
```

`Δ/D` म्हणजे व्यासाच्या मानाने चपटेपणा आणि `q` म्हणजे वरचा ७२ चा दाब. बैठकीवर ठरणारा इथला `K` ०.१, काळानुसार वाढ धरणारा `DL` १.५, म्हणून वरचा भाग १०.८ किलोपास्कल. खाली पाइपचा वाटा ८ × ८ = ६४. उरलेला सगळा वाटा `E'`चा, म्हणजे बगलेतल्या मातीच्या ताठरपणाचा.

स्वच्छ खडी मध्यम ठासली तर `E'` साधारण १३.८ मेगापास्कल धरतात, आणि पाइप १.२ टक्के चपटा होतो. हलकी ठासली तर ६.९ मेगापास्कल, २.२ टक्के. तीच खडी टोपलीने ओतून सोडली तर १.४ मेगापास्कल आणि ७.२ टक्के. चरातून निघालेली चिकणमाती न ठासता परत ढकलली तर ०.३४ मेगापास्कल आणि १२.७ टक्के. मर्यादा सहसा ५ टक्के असते.

आता पाइप बदलून पाहा. खडी हलकी ठासलेली असेल, तर एसएन८ ऐवजी निम्म्या ताठरपणाचा एसएन४ घेतला तरी चपटेपणा २.२ वरून २.४ टक्के होतो, फरक नावापुरता. ढिल्या चिकणमातीत पाइपचा ताठरपणा दुप्पट करून १६ केला, तरी ७.३ टक्के येतात आणि पाइप नापासच राहतो. माती वाईट असेल तर महाग पाइप वाचवत नाही. टेंडरमध्ये पाइपचा वर्ग ठळक लिहून भरावाला एक ओळ देणं, म्हणूनच मला पटत नाही.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं. `E'`चे वापरात असलेले आकडे अॅम्स्टर हॉवर्ड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातले आहेत. माती ज्या ओलाव्याला पातळ होऊन वाहू लागते ती तिची द्रव मर्यादा, आणि कोष्टकात ही मर्यादा ५० च्या वर असलेल्या चिकणमातीची जागा मोकळी आहे, तिथे स्वतंत्र तपासणी करायला सांगितलं आहे. आपली काळी माती बहुतेक वेळा याच गटात मोडते. ती पाइपच्या बगलेत भरूच नये, मुरूम किंवा खडी बाहेरून आणावी, आणि हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा. चराच्या भिंतीच काळ्या, ओलसर आणि मऊ असतील, तर बगलेतली खडी त्या भिंतींना बाजूला रेटत जाते आणि आधार सुटतो. अशा जागी ताठ पाइपच्या नेमकं उलट करावं लागतं: चर रुंद खणायचा, म्हणजे खडीचा पट्टा जाड होतो आणि मऊ भिंत पाइपपासून दूर राहते. उलटपक्षी कठीण मुरुमात भिंत स्वतःच ताठ असते, तिथे ठासायचं यंत्र मावेल एवढी रुंदी पुरते. खडी आणि मऊ माती यांच्यात जिओटेक्स्टाइल कापड घाला, नाहीतर पावसाळ्यात बारीक माती खडीच्या पोकळ्यांत शिरते आणि ठासलेली बगल पोकळ होते.

भरावाखालची मोरी

रस्त्याच्या उंच भरावाखाली पाइप मोरी घालताना चर नसतो, म्हणून पहिल्या दिवसापासून दीडपटीचा हिशेब लागतो. आपल्याच पाइपवर ८ मीटर भराव आला, तर भार २३६ किलोन्यूटन प्रति मीटर होतो, आठ मीटर खोल अरुंद चरातल्या भाराच्या दुप्पट. यावर एक जुनी युक्ती आहे. आधी भराव माथ्याच्या पातळीच्या वर एखाद-दीड मीटर चढवून नीट ठासायचा, मग त्यातच अरुंद चर कापून पाइप बसवायचा आणि पुढचा भराव टाकायचा. भार चराच्या दिशेने झुकतो. दुसरी युक्ती मार्स्टन यांच्या काळापासूनची: पाइपच्या बरोबर वर मुद्दाम दबणारा थर ठेवायचा. पूर्वी गवताच्या पेंढ्या घालत, आता थर्मोकोलचे ठोकळे घालतात. पेंढ्या कुजतात, म्हणून त्या मी सुचवणार नाही. ठोकळे घातले तर बाजूची माती पाइपच्या माथ्यापर्यंत कडक ठासलेली हवी, नाहीतर मधून सुटलेला भार झेलायला तिथे कोणीच नसतं. भराव कमी उंचीचा असेल, तर ठोकळ्यांवरची माती बसून रस्त्यावर आडवा खोलगट पट्टा उमटतो. ही युक्ती उंच भरावासाठीच राखून ठेवावी.

चुकलं ते कसं ओळखायचं

ह्यूम पाइपमध्ये आत शिरून किंवा कॅमेरा घालून पाहा. पाइपला घड्याळ मानलं, तर जादा भाराच्या भेगा आतून १२ आणि ६ वर, बाहेरून ३ आणि ९ वर, पाइपच्या लांबीने जातात. सलग बऱ्याच पाइपांत १२ वर भेग असेल, तर चराची रुंदी संशयित आहे. एखाद्याच पाइपला ६ वर जास्त आणि १२ वर कमी दिसली, तर तळाशी दगड किंवा उंचवटा आहे. आडवी गोल भेग असेल तर सॉकेट किंवा तळाची लेव्हल तपासा.

लवचिक पाइपमध्ये भराव पूर्ण होऊन किमान ३० दिवस गेल्यावर ठरावीक मापाचा मँड्रेल, म्हणजे आतून सरकवायचा मापाचा ठोकळा, ओढा. तो अडकला, तर आतला उभा व्यास मोजा. सगळीकडे सारखा चपटेपणा म्हणजे भराव ढिला आहे. एका बाजूला जास्त म्हणजे भराव आधी त्या एका बाजूने टाकला होता.

वरून पाहायची खूणही आहे. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर चराच्या दोन्ही कडांना समांतर रेषा उमटून मधला पट्टा खाली गेला असेल, तर बाजूचा भराव बसतोय. मधला पट्टा उंच राहून दोन्ही बाजू खचल्या असतील, तर ताठ पाइप माती अडवून धरतोय आणि बाजूंचं ओझं त्याच्यावर येतंय. ही दुसरी खूण दिसली की भेग पडायची वाट पाहू नका, कॅमेरा आत घाला.

आणि नवीन काम चालू असेल तर टेप घेऊन चरात उतरा, माथ्याच्या पातळीवर दर दहा मीटरला रुंदी मोजा आणि पाइप उतरवण्याआधी नोंदवहीत लिहा. कुठे २.०७ च्या पुढे गेलेली आढळली, तर त्या टप्प्यापुरता हिशेब ११७ चा लावा: काँक्रीटचा पाळणा आणि काळजीपूर्वक ठासलेला भराव, २.८ च्या गुणकाने ४२. तेवढ्या टप्प्यात पाइप कसाबसा तग धरेल, पण रहदारीसाठी हातात काही उरणार नाही, म्हणून तिथे एनपी४ मागवा.